अंकाला शुद्धलेखन नसते

जुन्या निकालपत्राचे स्कॅन ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या साधनातून, काढले की हाती येणाऱ्या मजकुरात दोन जातींच्या चुका असतात आणि त्या दोन वेगळ्या रीतींनी हाताळाव्या लागतात. पहिली जात शब्दांची. `plaintiff` चे `p1aintiff` झालेले असते, `the` चे `tbe`, `and` चे `aud`. या चुका डोळ्यांना खुपतात, आणि शब्द मुळात काय होता याबद्दल दोन मते होत नाहीत. दुसरी जात आकड्यांची. `5-13` च्या जागी `5-18` आले, तर ते खुपत नाही. पाच एकर अठरा गुंठे हे क्षेत्रही तितकेच खरे वाटते. शब्द चुकला तर भाषाच तो दाखवून देते. आकडा चुकला तर त्याला शुद्धलेखनाचा कोणताही नियम अडवत नाही. म्हणून शब्द अर्थावरून दुरुस्त करता येतो, पण आकडा अर्थावरून दुरुस्त करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यामागची कारणे एका निकालपत्राच्या आधाराने सांगतो.

निकालपत्र १९५३ चे, एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाचे आणि इंग्रजीत टंकलिखित. वडिलांनी विकलेली वडिलोपार्जित जमीन मुलाने परत मागितलेली. जमिनीच्या टायटल सर्चसाठी, म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीसाठी, वकिलांना त्याचा सारांश हवा होता: वादी कोण, प्रतिवादी कोण, कोणत्या सर्व्हे नंबरांबद्दल वाद होता, खरेदीखत कधीचे, मुद्दे कोणते निघाले आणि हुकूमनामा काय झाला. मूळ कागद म्हणजे कार्बनची प्रत, बहुधा तिसरी किंवा चौथी, कारण अक्षरांच्या कडा पसरलेल्या होत्या आणि `e`, `a`, `8` यांची पोटे शाईने भरून गेली होती. अशा कागदावर ओसीआर जे वाचतो ते बऱ्याच अंशी अनुमानच असते. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत त्या अनुमानाला शब्दकोशाचा आधार मिळतो. सर्व्हे नंबराला तसा आधार कुठून मिळणार?

पहिली शिस्त अशी की ओसीआरने दिलेली मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. सफाई तिच्या प्रतीवर करायची. आपण कोणते अक्षर बदलले हे पुढे कोणी विचारले, तर दोन फाइली शेजारी ठेवून दाखवता आले पाहिजे. मग प्रत्येक पानाच्या माथ्यावरचा दाव्याचा क्रमांक आणि पानाचा आकडा मजकुराच्या मधोमध घुसलेला असतो, तो वेगळा काढायचा, पण फेकायचा नाही, कारण प्रत्येक ओळ मूळ कोणत्या पानावर होती हे शेवटपर्यंत कळायला हवे. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायचे. `rn` आणि `m` यांची अदलाबदल, `h` आणि `b` यांची, `c` आणि `e` यांची, हे सारे शब्दकोशाच्या मदतीने पटकन उरकते आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

एक अपवाद मात्र आहे. काही छोटे शब्द आकड्यांइतकेच धोक्याचे असतात, कारण ते चुकूनही अचूक शब्दच राहतात. `not` चे `now` झाले, की “प्रतिवादी हक्कदार नाहीत” याचे “प्रतिवादी आता हक्कदार आहेत” होते, आणि दोन्ही वाक्ये निकालपत्रात शोभून दिसतात. म्हणून `not`, `now`, `nor`, `or`, `on` हे शब्द मुद्द्यांवरच्या निष्कर्षांत आणि शेवटच्या आदेशात जिथे जिथे येतात, तिथे मी ते आकड्यांच्या पंक्तीत बसवतो आणि चित्रावरून एकेक तपासतो.

आता आकडे. जुन्या अनेक टंकलेखन यंत्रांवर १ या अंकाची कळच नसे. टंकलेखक इंग्रजी लहान `l` हेच एक म्हणून वापरत. म्हणजे ओसीआरने `117` ऐवजी `ll7` वाचले, तर तो एका अर्थाने बरोबरच वाचत असतो; कागदावर खरोखरच ते अक्षर आहे. असे असले तरी सगळे `l` सरसकट १ करून टाकणे हा उपाय नाही. तसे केले की `plaintiff` चे पुन्हा `p1aintiff` होते, आणि त्याच उत्साहात कोणी `S` चे ५ केले, की `S.No.` चे `5.No.` होऊन सर्व्हे नंबर हे शब्दच मजकुरातून नाहीसे होतात. सरसकट बदल टाळून मी आधी नुसता शोध घेतो. अंकाला चिकटलेले संशयास्पद अक्षर कुठे कुठे आहे एवढेच दाखवणारी ही आज्ञा पुरते:

```
grep -nE '[0-9][,/-]?[lIOSB]|[lIOSB][,/-]?[0-9]' nikal.txt
```

तिच्यात `3B` सारखे खरे पोटहिस्सेही अडकतात, आणि ते अडकावेत हेच बरे, कारण `3B` चे `38` होणे आणि `38` चे `3B` होणे या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. तिच्यातून निसटतो तो केवळ अक्षरांनी लिहिलेला आकडा: अकरा म्हणजे `ll`, त्यात एकही खरा अंक नाही. असे आकडे `Exh.` या खुणेच्या, म्हणजे निशाणी क्रमांकाच्या, आणि `S.No.` च्या पुढे शोधावे लागतात.

तिरक्या रेघेने होणारा घोळ याहून वाईट. पूर्वी रक्कम `Rs. 500/-` अशी लिहीत, आणि ती तिरकी रेघ ओसीआरला एकासारखी दिसते. मग `Rs. 5001-` उमटते, आणि शेवटची आडवी रेघ कोणी फालतू म्हणून पुसली की पाचशेचे पाच हजार एक होतात. हीच रेघ सर्व्हे नंबरात असली, तर `117/2` चे `11712` होते. अकरा हजार सातशे बारा हा सर्व्हे नंबर एका गावात असणे शक्य नाही, हे कळायला गाव माहीत असण्याची गरज नाही. पण `24/1` चे `2411` झाले तर? पुसण्याआधी थांबायचे ते इथे.

निकालपत्राच्या शेवटी मिळकतींचे परिशिष्ट होते. त्यातले क्षेत्राचे रकाने ओसीआरने असे वाचले होते:

```
S.No. 117/2     3-28
S.No. 118       5-18
S.No. 124/1     2-86
S.No. 131/38    1-19
Total          13-16
```

डावीकडचा आकडा एकर, उजवीकडचा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, त्यामुळे गुंठ्यांच्या जागी एकोणचाळीसच्या वरचा आकडा येऊच शकत नाही. `2-86` तिथेच पकडले जाते. या कागदावर ८ आणि ३ यांची गल्लत सर्वत्र होती, म्हणून ते `2-36` असावे. हाच नियम रुपये-आणे-पैला लागतो: आणे पंधराच्या वर जात नाहीत, पै अकराच्या वर जात नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोपर्यंतच्या प्रत्येक निकालपत्रात ही मोफत तपासणी मिळते, आणि ती न वापरणे म्हणजे हातचे साधन टाकून देणे.

आता बेरीज. `2-36` धरून चारही क्षेत्रे मिळवली, तर ३+५+२+१ म्हणजे अकरा एकर आणि २८+१८+३६+१९ म्हणजे एकशे एक गुंठे. एकशे एक गुंठे म्हणजे दोन एकर एकवीस गुंठे. एकूण तेरा एकर एकवीस गुंठे. परिशिष्ट मात्र तेरा एकर सोळा गुंठे म्हणते. पाच गुंठ्यांचा फरक. पाचाचा फरक पाहिला की या कागदाशी परिचित माणसाला लगेच ८ आणि ३ आठवतात, कारण एका आठाचा तीन झाला की बरोबर पाच कमी होतात. `5-18` हे `5-13` असावे, बेरीज जुळली, काम संपले, असे वाटते.

पण काम संपलेले नसते. `3-28` हेही `3-23` असू शकते, आणि तसे धरून `5-18` तसेच ठेवले, तरी बेरीज तेरा एकर सोळा गुंठेच येते. दोन वेगळ्या दुरुस्त्या, दोन्ही तितक्याच नीटस, दोन्हींची बेरीज एकच. चूक आहे एवढे बेरीज सांगते. ती कुठे आहे हे सांगत नाही. पहिल्या दुरुस्तीने सर्व्हे नंबर ११८ चे पाच गुंठे कमी होतात, दुसरीने ११७/२ चे. आज हे दोन तुकडे वेगवेगळ्या कुटुंबांकडे असले, तर त्या पाच गुंठ्यांची चूक सारांश वाचणाऱ्या वकिलाच्या अभिप्रायात जाते आणि तिथून एखाद्या करारनाम्यात. म्हणून मी दोन्ही आकडे संशयित ठरवतो, आणि तपासून होईपर्यंत दोन्ही तसेच राहतात. बेरीज जुळल्याचे समाधान एकालाही मोकळे करत नाही.

`131/38` ची गोष्ट सोपी निघाली, कारण मजकुरात दुसऱ्या ठिकाणी तीच जमीन पोटहिस्सा `3B` म्हणून स्पष्ट आली होती. एकच गोष्ट दस्तऐवजात दोनदा सांगितलेली असते तेव्हा दोन जागा ताडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. खरेदीच्या किमतीचेही तसेच. आकड्यात `Rs. l,850` वाचले गेले होते, आणि पुढच्याच ओळीत अक्षरी `thirteen hundred and fifty` होते. इथे अक्षरांना शब्दकोशाचा आधार असतो, आणि `thirteen` चे `eighteen` आपोआप होत नाही; म्हणून अक्षरी रकमेला मी जास्त मानतो.

या निकालपत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र एक साल होते. वडिलांनी खरेदीखत करून दिले आणि त्याच दिवशी ताबा दिला ते साल स्कॅनमध्ये `1936` वाचले गेले होते, आणि शेवटचा अंक सहा की आठ हे चित्रात नीट दिसत नव्हते. दावा दाखल झाला नोव्हेंबर १९४९ मध्ये. तेव्हा १९०८ चा मुदतीचा कायदा लागू होता, आणि त्याच्या १२६ व्या अनुच्छेदाप्रमाणे मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू मुलाला वडिलांनी केलेले वडिलोपार्जित मिळकतीचे हस्तांतरण रद्द करून घ्यायचे असेल, तर घेणाऱ्याने ताबा घेतल्यापासून बारा वर्षांची मुदत होती. ताबा मार्च १९३६ चा असेल, तर मुदत मार्च १९४८ ला संपली आणि दावा मुदतबाह्य. मार्च १९३८ चा असेल, तर दावा मुदतीत. एका अंकाच्या पोटातल्या शाईवर दाव्याचे अख्खे भवितव्य.

न्यायालयाने दावा मुदतीत आहे असा निष्कर्ष दिला होता. तेव्हा साल १९३८ असणार, असा तर्क सहज सुचतो, आणि नेमका हाच तर्क मी करत नाही. वादी खरेदीखताच्या वेळी अज्ञान असेल, तर त्या कायद्याच्या ६ व्या आणि ८ व्या कलमांनी सज्ञान झाल्यावर काही मुदत मिळू शकते, आणि तीन वर्षांच्या त्या सवलतीत १९३६ चा व्यवहारही काही परिस्थितींत बसू शकला असता. निष्कर्षावरून आकडा ठरवला, की न्यायाधीशांनी तो निष्कर्ष कोणत्या कारणाने काढला तेही आपणच ठरवलेले होते. सारांश लिहिणाऱ्याचा तो अधिकार नाही.

आधार दुसरीकडे मिळाला. निकालपत्राच्या सुरुवातीला खरेदीखताचे वर्णन करताना मराठी मितीही दिली होती, फाल्गुन वद्य, `Shake l859`. शके १८५९ गुढीपाडव्याला, म्हणजे एप्रिल १९३७ मध्ये सुरू झाले, आणि त्यातला फाल्गुन हा शेवटचा महिना मार्च १९३८ मध्ये येतो. साल १९३६ असते, तर शके १८५७ लिहिलेले असते, आणि सात-नऊची गल्लत या कागदावर मला कुठेच आढळली नाही. शके आणि इसवी सन ही दोन स्वतंत्र लेखने १९३८ धरले तरच जुळतात. तरीही मी तो आकडा गुपचूप बदलला नाही. डोळ्यांनी स्पष्ट पाहिलेला आकडा आणि इतर आधारांवरून ठरवलेला आकडा यांत फरक आहे, आणि तो फरक वाचणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे.

यासाठी माझी खूण साधी आहे. संशयित आकडा चौकटी कंसात जातो, त्यात आधी ओसीआरने वाचलेले, मग दुसरी शक्यता, मग पान:

```
[? 5-18 | 5-13 ; p.14]
[? 3-28 | 3-23 ; p.14]
[= 1938 ; ocr 1936 ; Shake 1859 ; p.3]
```

प्रश्नचिन्ह म्हणजे अजून उघडा. बरोबरचे चिन्ह म्हणजे दस्तऐवजातल्याच दुसऱ्या नोंदीवरून ठरवलेला, आणि कशावरून तेही तिथेच. या सगळ्या खुणांची एक वेगळी यादी निघते. तिच्यात पान, ओळ, वाचलेला आकडा, शक्यता, संशयाचे कारण, आणि शेवटी दोन रिकामे रकाने: कोणी तपासले, कशावरून तपासले. हे दोन रकाने भरल्याशिवाय प्रश्नचिन्ह काढायचे नाही. ओसीआरचे टेसरॅक्टसारखे साधन प्रत्येक शब्दापुढे आपल्या खात्रीचा अंकही देते. तो कमी असेल, तर ती नोंद मी निमूट यादीत घेतो. पण तो जास्त आहे म्हणून एकही आकडा यादीतून सुटत नाही. पोट भरलेला तीन हा यंत्राला अगदी स्वच्छ आठ दिसतो, आणि ते तो पूर्ण खात्रीने आठ म्हणूनच सांगते.

हाताने तपासणे म्हणजे पहिल्यांदा चित्र मोठे करून पाहणे. त्यातही त्या एकाच अंकाकडे टक लावून उपयोग नसतो. त्याच पानावर जे अंक निर्विवाद आहेत ते शेजारी ठेवावे लागतात. `131` मध्ये तीन असणार हे ठरलेले होते, तेव्हा त्या यंत्राचा तीन कसा दिसतो ते तिथे कळले. त्याची डावी बाजू किंचित उघडी होती. `5-18` मधल्या शेवटच्या अंकाची डावी बाजू तशीच पुसट उघडी वाटली. `3-28` मधली बंद वाटली. कल मिळाला. पण कल हा पुरावा नव्हे, म्हणून प्रश्नचिन्ह तसेच राहिले.

दोघांनी मिळून वाचण्याची जुनी पद्धत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. एकाने चित्रावरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने साफ केलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचे. आकडा सुटा सुटा वाचायचा, पाच-नऊ, सहा-नऊ असा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे ऐकताना एकमेकांत मिसळतात, आणि पाच-सहा पानांनंतर थकलेल्या कानाला तर नक्कीच. वाचणाऱ्याला शक्यतांची यादी आधी दाखवायची नाही. त्याला “इथे तेरा आहे का” असे विचारले, तर त्याला तेराच दिसेल.

चित्रावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करतानाच आकडे बदलत होती. फाइल लहान करण्यासाठी ती एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत आणि सर्वत्र तोच तुकडा चिकटवत, त्यामुळे सहाच्या जागी स्वच्छ, सुबक आठ येई. तिथे ओसीआरचा प्रश्नच नव्हता, चित्रच खोटे होते. म्हणून स्कॅन कोणत्या यंत्राने केले आणि फाइल किती दाबून साठवली हे माहीत नसेल, आणि फाइल संशय येण्याइतकी लहान असेल, तर निर्णायक आकड्यांची पाने मूळ कागदावरून पुन्हा, न दाबता, किमान ३०० डीपीआयने स्कॅन करून घ्यावीत. पुसट आकडा निदान आपण पुसट आहोत हे सांगतो. सुबक खोटा आकडा तेही सांगत नाही.

शेवटचा टप्पा दुसऱ्या दस्तऐवजाचा. निकालपत्राबरोबर हुकूमनामाही असतो, आणि त्यात मिळकतींचे वर्णन पुन्हा वेगळे टंकलिखित केलेले असते. न्यायालयाच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल मागवता येते. आजच्या सातबाऱ्यावरून पडताळावे असे अनेकांना वाटते, आणि गणित तसे सोपे आहे: पाच एकर तेरा गुंठे म्हणजे साधारण दोन हेक्टर साडेपंधरा आर, आणि पाच एकर अठरा गुंठे म्हणजे दोन हेक्टर साडेवीस आर. पण मधल्या काळात एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, वाटण्या झाल्या, रस्त्याला जमिनी गेल्या. सातबारा जुळला तर आनंद, नाही जुळला तर त्यावरून १९५३ चा आकडा खोटा ठरत नाही.

आणि मूळ कागदच चुकलेला असेल तर? तीही शक्यता खरी आहे. परिशिष्टाची बेरीज टंकलेखकाच्याच हातून चुकलेली असू शकते. तशी चूक आपण दुरुस्त करायची नाही. लेखनाच्या किंवा गणिताच्या चुका सुधारण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १५२ व्या कलमाने न्यायालयाला आहे, सारांशकाराला नाही. आपण मुळात आहे तसे ठेवायचे आणि शेजारी लिहायचे की मूळ प्रतीतच असे आहे, बेरीज जुळत नाही. स्कॅनची चूक दुरुस्त करणे म्हणजे कागदाकडे परत जाणे. कागदाची चूक दुरुस्त करणे म्हणजे कागदापासून दूर जाणे.

अधिनियमांचे क्रमांक रोमन अंकांत असत, त्यांचाही एक उल्लेख करतो, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. मुंबईचा कूळकायदा १९४८ चा `LXVII`, आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा `LXII`. मधला `V` पुसला गेला, की एक कायदा दुसऱ्यासारखा दिसू लागतो. सोबत साल असेल तर सावरता येते. नुसता क्रमांक असेल तर तो यादीत.

या निकालपत्राच्या हुकूमनाम्याची नक्कल मिळाली तेव्हा सर्व्हे नंबर ११८ पुढे पाच एकर तेरा गुंठे आणि ११७/२ पुढे तीन एकर अठ्ठावीस गुंठे स्पष्ट होते, आणि ती दोन्ही प्रश्नचिन्हे काढली. खरेदीखताचे साल हुकूमनाम्यात नव्हतेच, म्हणून सारांशात ते “१९३८ (निकालपत्रातील शके १८५९ या नोंदीवरून, इसवी सनाचा अंक अस्पष्ट)” असे गेले, आणि दुय्यम निबंधकाकडून खरेदीखताची नक्कल घ्यावी अशी शिफारस खाली जोडली. एका निशाणीचा क्रमांक, `58` की `53`, शेवटपर्यंत ठरला नाही. मूळ कागदावर तिथे घडी पडून कागद विरला होता. तो सारांशात कंसासकट, दोन्ही शक्यतांसह गेला, आणि यादीतले त्याचे शेवटचे दोन रकाने रिकामेच ठेवले आहेत.